उत्तरसूचीत तीन, नाण्याचे मात्र चार फेरे

जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणे हा बारावी, जेईई किंवा एखाद्या स्पर्धा परीक्षेच्या तयारीतला नेहमीचा भाग आहे. बाजारात सोडवलेल्या उत्तरांसह संच मिळतात. मुलाचे उत्तर छापील उत्तराशी जुळले नाही, तर चूक मुलाचीच असे घरात धरून चालतात. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण मे १९८२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एसएटी या महाविद्यालय प्रवेशाच्या परीक्षेत उलटे घडले. गणिताच्या एका प्रश्नाला दिलेल्या पाच पर्यायांपैकी एकही बरोबर नव्हता, आणि तपासणाऱ्यांकडच्या उत्तरसूचीत एक चुकीचा पर्याय बरोबर म्हणून नोंदवलेला होता.

प्रश्न दिसायला साधा होता. एक लहान वर्तुळ आणि एक मोठे वर्तुळ एकमेकांना चिकटून आहेत. लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक-तृतीयांश आहे. लहान वर्तुळ न घसरता मोठ्याच्या कडेवरून बाहेरून गडगडत जाते. त्याचा मध्यबिंदू पहिल्यांदा मूळ जागी परत येईल, तोवर लहान वर्तुळाच्या स्वतःभोवती किती फेऱ्या झालेल्या असतील? पर्याय होते दीड, तीन, साडेचार, सहा आणि नऊ.

उत्तरसूचीत तीन होते. त्यामागची रीत कोणालाही पटेल अशीच आहे. परीघ त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे मोठ्या वर्तुळाचा परीघ लहानाच्या तिप्पट. लहान वर्तुळ एका फेरीत स्वतःच्या परिघाइतके अंतर कापते. म्हणून तिप्पट अंतराला तीन फेऱ्या. सुमारे तीन लाख विद्यार्थ्यांनी ती परीक्षा दिली होती. त्यांपैकी तिघांनी परीक्षा मंडळाला लिहून कळवले, की बरोबर उत्तर चार आहे आणि ते पर्यायांत नाहीच. मंडळाने चूक मान्य केली आणि तो प्रश्न गुणांच्या हिशेबातून वगळला.

सोडवलेले उत्तर तपासायचे म्हणजे त्यातला गुणाकार-भागाकार पुन्हा करून पाहायचा, अशी समजूत असते. इथे तो कितीही वेळा केला तरी तीनच येणार, कारण आकडेमोडीत चूक नाहीच. चूक ज्या नियमावर आकडेमोड उभी आहे त्यात आहे. म्हणून प्रत्येक ओळीला ‘हे कशावरून?’ असे विचारावे लागते. ‘रस्त्याची लांबी भागिले चाकाचा परीघ म्हणजे फेऱ्यांची संख्या’ हा नियम सायकलच्या चाकाला सपाट रस्त्यावर लागू पडतो. तो वळणाऱ्या रस्त्यालाही लागू पडतो, हे मात्र कोणी सिद्ध केलेले नव्हते. ते नकळत गृहीत धरले गेले होते.

सिद्धांत काय सांगतो ते पाहू. चाक न घसरता चालते, तेव्हा जमिनीला टेकलेला त्याचा बिंदू त्या क्षणापुरता स्थिर असतो आणि बाकीचे चाक त्या बिंदूभोवती वळत असते. चाक जेवढे वळते, त्या प्रमाणात त्याचा मध्यबिंदू पुढे सरकतो. चाकाची एक पूर्ण फेरी झाली, की मध्यबिंदूने चाकाच्या परिघाइतके अंतर कापलेले असते. तेव्हा भागायचे ते मध्यबिंदूने कापलेल्या अंतराला, रस्त्याच्या लांबीला नव्हे. सपाट रस्त्यावर ही दोन्ही अंतरे सारखीच असल्यामुळे फरक कधी लक्षात येत नाही. आपल्या प्रश्नात लहान वर्तुळाची त्रिज्या एक आणि मोठ्याची तीन धरू. लहान वर्तुळाचा मध्यबिंदू मोठ्याच्या केंद्रापासून तीन अधिक एक, म्हणजे चार एकक दूर राहून फिरतो. त्याची वाट चार त्रिज्येच्या वर्तुळाची, म्हणजे लहान वर्तुळाच्या परिघाच्या चौपट. म्हणून फेऱ्या चार.

आता हे उत्तर तरी कशावरून बरोबर? तेच काम वेगळ्या वाटेने करून पाहायला हवे. दोन्ही वर्तुळे म्हणजे एका फळीवर खिळ्यांनी बसवलेली दातेरी चाके आहेत असे समजा. मोठे चाक घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने एकदा फिरवले, तर लहान चाक काट्याच्या दिशेने तीनदा फिरेल. दोन्ही केंद्रे जागची हललेली नाहीत. आता चाकांना हात न लावता अख्खी फळीच काट्याच्या दिशेने एकदा पूर्ण फिरवा. मोठ्या चाकाची आधीची उलटी फेरी या सुलट्या फेरीने मिटली, म्हणजे हिशेबात ते स्थिर राहिले. लहान चाकाच्या तीन फेऱ्या होत्याच, त्यांत फळीबरोबरची एक मिळाली. शिवाय ते मोठ्या चाकाला एक प्रदक्षिणाही घालून आले. मूळ प्रश्नातली स्थिती हीच, आणि उत्तर पुन्हा चार. या रीतीत मध्यबिंदूची वाट कुठेच मोजलेली नाही, त्यामुळे दोन उत्तरे जुळली याला वजन आहे. निसटलेली चौथी फेरी कुठून येते, तेही इथे दिसते. ती प्रदक्षिणेमुळे मिळते.

ज्यांना कागदावरचा हिशेब पुरत नाही, त्यांनी एक रुपयाची दोन सारखी नाणी घ्यावीत. एक नाणे टेबलावर बोटाने दाबून धरावे. दुसरे त्याच्या वरच्या कडेला असे टेकवावे, की त्यावरचा आकडा सरळ दिसेल. मग ते कडेकडेने गडगडवत खालच्या बाजूला न्यावे. जुन्या नियमाप्रमाणे निम्मा परीघ कापला म्हणजे अर्धी फेरी, तेव्हा आकडा उलटा दिसायला हवा. प्रत्यक्षात बाजूला पोहोचतानाच तो उलटा होतो आणि तळाशी येईपर्यंत पुन्हा सरळ होतो. अर्ध्या वाटेत एक फेरी, म्हणजे पूर्ण वाटेत दोन. या प्रयोगातला धोका घसरण्याचा आहे, कारण नाण्यांच्या कडा गुळगुळीत असतात. म्हणून सुरुवातीला जिथे दोन्ही नाणी टेकली आहेत, तिथे दोहोंवर पेन्सिलची खूण करावी. पूर्ण प्रदक्षिणेनंतर खुणा पुन्हा समोरासमोर आल्या नाहीत, तर नाणे वाटेत घसरले आहे आणि तो प्रयोग मोजू नये.

आणखी एक कसोटी तर कागदाशिवायही होते. प्रश्नातली एक राशी टोकाला नेऊन पाहायची. मोठे वर्तुळ लहान लहान करत नेऊन त्याचा नुसता बिंदू झाला असे समजा. टेबलात रोवलेली टाचणी, आणि तिला कडेने टेकून फिरणारे नाणे. त्या नाण्याने टाचणीला प्रदक्षिणा घातली, की ते एकदा पूर्ण वळते, हे डोळ्यांना दिसते. जुना नियम म्हणतो परीघ शून्य, म्हणून फेऱ्या शून्य. मध्यबिंदूचा नियम म्हणतो शून्य अधिक एक, म्हणजे एक फेरी. चुकीचा नियम इथे अर्ध्या मिनिटात उघडा पडतो.

दुसरी रीत म्हणताना बरेच जण फसतात ते वेगळ्याच ठिकाणी. परिघाऐवजी कोन वापरला, सेंटिमीटरऐवजी इंच घेतले, बीजगणिताऐवजी त्रैराशिक मांडले, तरी गृहीतक तेच राहिले तर उत्तर तीनच येत राहील. तीन गाइडांत एकच उत्तर दिसले तरी त्यांचा उगम एक असू शकतो. २०२४ च्या ‘नीट’ परीक्षेत याचा अनुभव आला. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात विधान होते, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. एनसीईआरटीच्या जुन्या पाठ्यपुस्तकात तसे छापलेले होते, म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन पर्यायांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या सांगण्यावरून दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांनी प्रश्न पाहिला आणि विधान चुकीचे ठरवून एकच पर्याय बरोबर असल्याचा निर्वाळा दिला. पुस्तकात वाक्य सापडले म्हणजे सिद्धांताशी ताडून झाले, असे होत नाही. रेडियम, युरेनियम यांसारख्या किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, एवढे एक उदाहरण ते विधान पाडायला पुरेसे होते.

उत्तर चार पटले, की पुढचा मोह ‘एक मिळवायचा’ असे पाठ करून टाकण्याचा. तोही तपासून घ्यावा. हेच लहान वर्तुळ मोठ्याच्या आतल्या कडेवरून गडगडले तर? आता त्याचा मध्यबिंदू केंद्रापासून तीन उणे एक, म्हणजे दोन एककांवर फिरतो. त्यामुळे फेऱ्या दोनच होतात. दातेरी चाकांच्या रीतीनेही दोनच येतात, कारण आतल्या बाजूने दोन्ही चाके एकाच दिशेने फिरतात आणि फळीची फेरी तीनातून वजा होते. पाठ केलेला नियम इथे चार सांगून मोकळा झाला असता.

एक वाद मात्र भाषेचा आहे. इंग्रजी प्रश्नात फेरीसाठी ‘रिव्होल्यूशन’ हा शब्द होता, आणि खगोलशास्त्रात त्याचा अर्थ प्रदक्षिणा. त्या अर्थाने उत्तर एकच. मराठी शाळेत परिवलन आणि परिभ्रमण हे शब्द भूगोलाच्या तासाला वेगळे शिकवले जातात, त्यामुळे मराठीत हा प्रश्न बहुधा नेमका विचारला गेला असता. उत्तरसूचीतल्या तीनलाही एक अर्थ आहे. मोठ्या वर्तुळाच्या केंद्रावर बसून लहानाकडे सतत तोंड करून पाहणाऱ्याला तीनच फेऱ्या दिसतील. प्रश्नाच्या कागदाकडे बाहेरून पाहणाऱ्याला चार दिसतात.

ही फेरी आकाशातही मोजता येते. पृथ्वी सूर्याभोवती एक प्रदक्षिणा घालते, तेव्हा आपल्याकडे साधारण सव्वा तीनशे पासष्ट दिवस उजाडतात. हा झाला सूर्याच्या संदर्भातला हिशेब. दूरच्या ताऱ्यांच्या संदर्भात तेवढ्याच काळात पृथ्वी एक फेरी जास्त, म्हणजे सव्वा तीनशे सहासष्ट वेळा फिरली पाहिजे. हे खरे असेल, तर वर्षभरात एका दिवसाचा फरक पडायला हवा. चोवीस तासांचे ८६,४०० सेकंद सव्वा तीनशे सहासष्टांत वाटले, की प्रत्येक फेरीमागे सुमारे २३६ सेकंद येतात, म्हणजे ३ मिनिटे ५६ सेकंद. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत होते, हे निरीक्षणातून स्वतंत्रपणे मोजलेले आहे. दोन्हींची बेरीज बरोबर चोवीस तास भरते. कृत्तिकेचा पुंजका आज रात्री ज्या वेळी पूर्वेला दिसला, त्यापेक्षा उद्या सुमारे चार मिनिटे आधी दिसतो, आणि महिन्याभराने दोन तास आधी.