एक त्रिकोण, एक बबल आणि उलटा मोजणारा काउंटर

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला दोन बिटांचा रिपल काउंटर असतोच. पुस्तकातली आकृती सोपी असते: दोन फ्लिप-फ्लॉप, पहिल्याचा Q दुसऱ्याच्या क्लॉकला जोडलेला. लॅबमध्ये 7476 शिल्लक नसेल, तर मुलं 7474 उचलतात, त्याचा उलटा आउटपुट म्हणजे Q बार D ला जोडून टॉगलची सोय करतात आणि बाकीच्या वायरी पुस्तकाप्रमाणे लावतात. एलईडी पेटतात, क्लॉकबरोबर बदलतातही. पण आकडे येतात 0, 3, 2, 1 आणि पुन्हा 0. मग वायरी उपसून पुन्हा लावल्या जातात, आयसी बदलला जातो, सप्लाय तपासला जातो. तरी काउंटर उलटाच चालतो.

खरं तर तिथे काहीच बिघडलेलं नसतं. पुस्तकातल्या चौकोनाच्या क्लॉकपाशी त्रिकोणाआधी एक बारीकसं वर्तुळ होतं आणि 7474 च्या चिन्हात ते नाही, एवढाच फरक.

ही दोन चिन्हं वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, म्हणून ती सुटी सुटी वाचावीत. चौकोनाच्या आत, क्लॉकची रेघ येऊन टेकते तिथे काढलेला छोटा त्रिकोण सांगतो की हा इनपुट पातळीकडे बघत नाही, बदलाकडे बघतो. क्लॉक 1 वर कितीही वेळ थांबला किंवा 0 वर कितीही वेळ पडून राहिला, तरी फ्लिप-फ्लॉप ढिम्म. क्लॉक एका पातळीवरून दुसरीवर जातो त्याच क्षणी तो D कडे पाहतो. हजेरी घेताना जो वर्गात असेल तोच हजर. आधी कोण येऊन गेलं आणि नंतर कोण आलं, याची नोंद होत नाही. त्रिकोणच नसेल, तर तो इनपुट पातळीवर चालतो. 7475 हा लॅच तसा आहे: त्याचा एनेबल 1 असेपर्यंत D मधला प्रत्येक बदल थेट Q वर उमटत राहतो.

चौकोनाच्या बाहेर, कडेला चिकटून काढलेलं वर्तुळ म्हणजे बबल. त्याचा अर्थ नॉट गेटच्या टोकावरच्या वर्तुळाचाच: इथे उलट होतं. त्रिकोण एकटा असेल, तर क्लॉक 0 वरून 1 वर चढताना काम होतं. ही चढती कड, म्हणजे राइझिंग एज. आधी बबल आणि मग त्रिकोण असेल, तर 1 वरून 0 वर उतरताना. ही उतरती कड, फॉलिंग एज. आणि त्रिकोणाशिवाय नुसता बबल दिसला, तर तिथे कडेचा प्रश्नच येत नाही. 7474 च्या प्रीसेट आणि क्लिअरपाशी असा बबल असतो. ते इनपुट 0 असेपर्यंत काम करतात आणि क्लॉकची वाट बघत नाहीत. क्लिअर चुकून ग्राउंडला लागला, तर Q कायम 0 राहतो आणि दोष उगाच क्लॉकला दिला जातो.

कड बदलली की उत्तर किती बदलतं, हे कागदावर लगेच दिसतं. समजा क्लॉक 10, 30 आणि 50 मायक्रोसेकंदांना चढतो आणि 20, 40, 60 ला उतरतो. D सुरुवातीला 0 आहे. 15 ला तो 1 होतो, 35 ला 0 आणि 45 ला पुन्हा 1. दोन्ही फ्लिप-फ्लॉपचा Q आधी 0 धरू. चढत्या कडेचा फ्लिप-फ्लॉप 10 ला 0 उचलतो, 30 ला 1 आणि 50 ला पुन्हा 1. म्हणजे त्याचा Q 30 ला वर जातो तो वरच राहतो. मधे D दहा मायक्रोसेकंद खाली होता, याचा त्याला पत्ताच नाही. उतरत्या कडेचा मात्र 20 ला 1 उचलतो, 40 ला 0 आणि 60 ला 1. तेच क्लॉक, तोच D, पण Q चे आलेख वेगळे. परीक्षेत टायमिंग डायग्रॅम काढताना आधी चिन्ह बघून योग्य त्या कडांवरच उभ्या तुटक रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेच्या किंचित डावीकडचा D वाचला, की गोंधळाला फारशी जागा उरत नाही. डावीकडचा अशासाठी, की कड येण्याआधी D थोडा वेळ स्थिर असावाच लागतो.

आता तो उलटा काउंटर. दोन्ही फ्लिप-फ्लॉप 0 वर आहेत. पहिली कड येते, पहिला Q 0 चा 1 होतो. हाच Q दुसऱ्याचं क्लॉक आहे, आणि तो चढला. दुसरा फ्लिप-फ्लॉप चढत्या कडेचा असल्याने लगेच टॉगल होतो: 11, म्हणजे 3. पुढच्या कडेला पहिला Q उतरतो, दुसरा जागचा हलत नाही: 10, म्हणजे 2. मग पहिला पुन्हा चढतो, दुसरा 0 होतो: 01. उतरत्या कडेच्या फ्लिप-फ्लॉपमध्ये दुसरा टॉगल होतो तो पहिला 1 वरून 0 वर येताना, अगदी हातच्यासारखा, म्हणून तिथे 0, 1, 2, 3 मिळतं. 7474 वर सरळ मोजणी हवी असेल, तर एकच वायर हलवायची: दुसऱ्याच्या क्लॉकला पहिल्याचा Q काढून Q बार जोडायचा. Q उतरतो तेव्हा Q बार चढतो.

आकृती वाचताना चौकोनापाशीच थांबूनही चालत नाही. क्लॉकच्या रेघेत 7404 चा इन्व्हर्टर असेल आणि पुढे बबलवाला त्रिकोण असेल, तर दोन उलट मिळून सुलट होतं. बाहेरच्या क्लॉकच्या दृष्टीने ते सर्किट चढत्या कडेवर चालतं.

ब्रेडबोर्डवर खात्री करताना एक फसवणूक होते. पुश बटणाचं एक टोक ग्राउंडला आणि दुसरं रेझिस्टरमधून 5 व्होल्टला जोडलेलं असेल, तर बटण दाबल्यावर क्लॉक उतरतो आणि सोडल्यावर चढतो. म्हणजे 7474 बटण सोडताना बदलायला हवा. पण साध्या बटणाचे संपर्क दाबतानाही काही काळ थरथरतात, त्यात चढत्या कडाही येतात, आणि Q दाबतानाच बदललेला दिसतो. म्हणून चाचणीला दोन नँड गेटचं डीबाउन्स सर्किट किंवा ट्रेनर किटवरचा पल्सर घ्यावा.

शंका राहिलीच तर डेटाशीटचा फंक्शन टेबल उघडावा. 7474 च्या क्लॉकच्या रकान्यात वर जाणारा बाण असतो, 74LS112 च्या रकान्यात खाली येणारा. 7476 च्या बाबतीत तर तो बघावाच. 74LS76A हा उतरत्या कडेचा आहे, पण मूळ 7476 मास्टर-स्लेव्ह आहे आणि त्याच्या रकान्यात बाणाऐवजी अख्खा पल्स काढलेला असतो. त्याचा Q बदलतो क्लॉक उतरतानाच, पण क्लॉक 1 असताना जे आणि के हलले, तर आतला मास्टर ते धरून बसू शकतो. बरीच पुस्तकं दोघांनाही तोच बबल आणि तोच त्रिकोण काढतात.