प्रत्येक ओळीचा अव्वल आकडा

पॅरिसचे ऑलिंपिक २०२४ च्या ऑगस्टमध्ये संपले तेव्हा पदकतक्त्यात अमेरिका आणि चीन यांच्या नावावर प्रत्येकी ४० सुवर्णपदके होती. तक्ता वरून खाली वाचणाऱ्याला एवढेच दिसते की अमेरिका पहिली, चीन दुसरा. तोच तक्ता आडवा वाचला की गोष्ट बदलते. चीनच्या खात्यात सुवर्ण ४०, रौप्य २७ आणि कांस्य २४. म्हणजे चीनचे सर्वांत मोठे गाठोडे सोन्याचे. अमेरिकेचे मात्र ४०, ४४, ४२, म्हणजे तिथे रौप्य पुढे. ब्रिटनच्या १४, २२, २९ मध्ये कांस्य सर्वाधिक. भारताची एकूण सहा पदके: नीरज चोप्राचे एक रौप्य आणि पाच कांस्ये. त्या पाचांतले एक कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल नेमबाजीत मिळवले.

कोणत्या देशाकडे कोणते पदक जास्त, हे एका नजरेत दिसावे म्हणून प्रत्येक ओळीतला सर्वांत मोठा आकडा रंगवायचा. सात देशांसाठी हाताने रंगवले तरी चालेल. पण ऑलिंपिकमध्ये दोनशेहून अधिक संघ असतात आणि स्पर्धा सुरू असताना आकडे रोज बदलतात. हे काम एक्सेलवर सोपवायचे तर एक छोटे सूत्र पुरते. त्या सूत्रात सगळा जीव दोन डॉलर चिन्हांत असतो.

तक्ता असा मांडलेला आहे असे समजू: A रकान्यात देशाचे नाव, B मध्ये सुवर्ण, C मध्ये रौप्य, D मध्ये कांस्य आणि E मध्ये एकूण. पहिली ओळ शीर्षकांची. दुसऱ्या ओळीपासून अमेरिका, चीन, फ्रान्स, ब्रिटन, जॉर्जिया, भारत आणि पाकिस्तान. म्हणजे आठव्या ओळीपर्यंत. फ्रान्सचे आकडे १६, २६, २२. जॉर्जियाचे ३, ३, १. आणि पाकिस्तानचे अर्शद नदीमच्या भाल्याने मिळवलेले एकमेव सुवर्ण, पुढे दोन शून्ये.

एक्सेलमध्ये यासाठी तयार नियमही आहे, आणि बहुतेक जण आधी तिकडेच जातात. `Top 10 Items` निवडायचे, दहाच्या जागी एक लिहायचे. पण हा नियम निवडलेल्या सगळ्या सेल्सना मिळून एकच स्पर्धा मानतो. निकाल असा लागतो की अख्ख्या तक्त्यात फक्त अमेरिकेचे ४४ रंगते. प्रत्येक ओळीला असा वेगळा नियम लावता येतो, पण मग दोनशे ओळींना दोनशे नियम.

म्हणून सूत्राचा रस्ता. B2 पासून D8 पर्यंतचा भाग निवडायचा. B2 वर क्लिक करून खाली-उजवीकडे ओढत जायचे, उलट नाही. याचे कारण पुढे येईलच. मग `Home` मधल्या `Conditional Formatting` खाली `New Rule`, त्यात शेवटचा पर्याय `Use a formula to determine which cells to format`, आणि चौकटीत हे:

```
=B2=MAX($B2:$D2)
```

`Format` मधून रंग निवडून ओके केले की काम झाले. अमेरिकेचे ४४, चीनचे ४०, फ्रान्सचे २६, ब्रिटनचे २९, भारताचे ५, पाकिस्तानचे १ आणि जॉर्जियाचे दोन्ही ३ रंगतात. बरोबरी झाली तर दोघांनाही रंग मिळतो. पदकांच्या बाबतीत ते योग्यच म्हणायचे.

सूत्रात दोनदा आलेले बरोबरचे चिन्ह नवख्याला खटकते. पहिले चिन्ह म्हणजे ‘इथून सूत्र सुरू’. दुसरे प्रश्न विचारते: ही सेल आणि या ओळीतली कमाल किंमत सारखी आहे का? उत्तर ‘हो’ आले तर रंग, ‘नाही’ आले तर काही नाही.

सूत्र एकदाच लिहिले असले तरी एक्सेल ते एकवीस सेल्ससाठी वेगवेगळे वाचते, आणि प्रत्येक वेळी पत्ते सरकवते. ज्या अक्षराच्या किंवा आकड्याच्या आधी डॉलर आहे तो हलत नाही. ज्याच्या आधी नाही तो सेलबरोबर चालतो. ब्रिटनच्या रौप्याची सेल घ्या, C5. तिच्यासाठी सूत्र होते `=C5=MAX($B5:$D5)`. सुरुवातीचे B2 मोकळे होते म्हणून ते C5 झाले. कंसातले B आणि D डॉलरने बांधलेले, म्हणून ते जागचे हलले नाहीत. २ हा ओळीचा आकडा मोकळा, म्हणून तो ५ झाला. आता प्रश्न उरतो तो असा: २२ आणि १४, २२, २९ यांतली कमाल सारखी आहे का? नाही. शेजारच्या D5 साठी तोच प्रश्न २९ बद्दल विचारला जातो आणि उत्तर ‘हो’ येते.

पत्त्याचा एक भाग बांधलेला आणि दुसरा मोकळा, यालाच मिश्र संदर्भ म्हणतात. ही अडचण स्प्रेडशीटइतकीच जुनी. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या १९७९ च्या व्हिजिकॅल्कमध्ये सूत्राची नक्कल करताना प्रोग्रॅम प्रत्येक पत्त्यापाशी थांबून विचारत असे: हा सरकवायचा की तसाच ठेवायचा? आज ते उत्तर सूत्रातच लिहून ठेवलेले असते. सोय मोठी, पण विचारणारे कोणी उरले नाही. त्यामुळे चुकले तर एक्सेल निमूटपणे चुकीचेच रंगवते.

सर्वांत नेहमीची चूक माउसमुळे होते. नियमाच्या चौकटीत असताना तक्त्यातल्या सेल्स माउसने निवडल्या की एक्सेल आपणहून दोन्ही बाजूंना डॉलर लावते: `$B$2:$D$2`. मग ओळ बांधली जाते आणि पाकिस्तानच्या एका सुवर्णाचीही तुलना अमेरिकेच्या ४४ शी होऊ लागते. पडद्यावर फक्त ४४ रंगलेले दिसले की ओळखावे, आकड्याआधीचा डॉलर काढायचा राहिला आहे. पत्त्यावर कर्सर ठेवून F4 दाबत गेले की चारही रूपे क्रमाने येतात. त्याच चौकटीत बाणाची कळ दाबली तर कर्सर सरकण्याऐवजी नको तो पत्ता घुसतो. आधी F2 दाबले की हा ताप थांबतो.

उलट बाजूची चूक अधिक फसवी आहे. डॉलर अजिबातच लावला नाही, `=B2=MAX(B2:D2)` असे लिहिले, तर कंसातली खिडकीही सेलबरोबर उजवीकडे घसरते. E रकान्यात अजून एकूण लिहिलेले नाही असे समजा. C रकान्यातल्या सेलला फक्त रौप्य आणि कांस्य दिसते, D मधल्या सेलला तर केवळ स्वतःच. कांस्य मग एकट्याच्या शर्यतीत पहिले येते, आणि D रकाना वरपासून खालपर्यंत रंगतो. चीनच्या ओळीत तर ४०, २७, २४ असे तिन्ही आकडे रंगतात. शेवटचा रकाना सरसकट रंगला, हीच या चुकीची खूण. E मध्ये एकूण लिहिलेले असेल तर चित्र पुन्हा पालटते: रौप्य आणि कांस्य यांची तुलना त्या मोठ्या बेरजेशी होते आणि त्या रकान्यांत यापैकी एकाही देशाला रंग मिळत नाही.

एकूणचा रकाना कंसाच्या हद्दीत चुकून घेतला तरी असेच होते. १२६ पुढे ४४ चे काय चालणार?

आता निवडण्याच्या दिशेबद्दल. एक्सेल नियमातले सूत्र हे सक्रिय सेलच्या जागेवरून लिहिले आहे असे मानते. निवडलेल्या भागात जी एक सेल पांढरी राहते, ती सक्रिय. कोणी D8 पासून वर ओढत B2 पर्यंत आले तर सक्रिय सेल D8 असते. तिथून लिहिलेल्या B2 चा अर्थ होतो ‘सहा ओळी वर आणि दोन रकाने डावीकडे’. हाच अर्थ खऱ्या B2 ला लावला की एक्सेल तक्त्याबाहेर जाते आणि शीटच्या दुसऱ्या टोकाला, XFD रकान्यात, दहा लाखांच्या पुढच्या ओळीत पोचते. रंग भलतीकडे पडले आणि नियम उघडून पाहिल्यावर असा अजस्र पत्ता दिसला, तर सूत्र तपासत बसू नये. निवड पुन्हा वरून करावी. गुगल शीट्समध्ये `Custom formula is` हा पर्याय घेऊन हेच सूत्र जसेच्या तसे चालते, आणि तिथे हिशेब नेहमी दिलेल्या भागाच्या पहिल्या सेलपासून होतो, त्यामुळे हा घोळ होत नाही.

रिकाम्या ओळींचा प्रश्न वेगळा. पुढे भर पडेल म्हणून नियम पन्नासाव्या ओळीपर्यंत लावून ठेवला, तर खालच्या सगळ्या रिकाम्या सेल्स रंगून बसतात. काहीच नसलेल्या ओळीची कमाल एक्सेल शून्य धरते आणि रिकामी सेलही शून्याबरोबर मानते. ज्या देशाला एकही पदक नाही त्याची तीन शून्येही याच न्यायाने ‘अव्वल’ ठरतात. पदकांपुरता उपाय सरळ आहे:

```
=AND(B2>0,B2=MAX($B2:$D2))
```

तापमानासारख्या उणे जाणाऱ्या आकड्यांना मात्र `B2>0` चालणार नाही. तिथे `B2<>""` लिहून फक्त रिकाम्या सेल्स वगळाव्यात.

सर्वांत वाईट चूक ती, जी दिसतच नाही. वेबपेजवरून तक्ता उचलून चिकटवला की एखाद्या आकड्यामागे न दिसणारी मोकळी जागा येते आणि एक्सेल त्याला संख्या न मानता मजकूर समजते. MAX मजकुराकडे पाहतच नाही. ब्रिटनचे २९ असे आले तर २२ रंगते, आणि ब्रिटनने रौप्य सर्वाधिक मिळवले असे तक्ता बिनदिक्कत सांगतो. मजकूर झालेला आकडा सेलमध्ये डावीकडे टेकतो, पण सगळे मध्यभागी घेतलेले असतील तर तेही कळत नाही. शेजारच्या मोकळ्या रकान्यात `=COUNT(B2:D2)` लिहून खाली ओढले की जिथे ३ ऐवजी २ येते ती ओळ संशयित.

डॉलरची जागा जाणूनबुजून बदलली तर याच सूत्रातून दुसरे काम निघते. A2 पासून D8 पर्यंत निवडून `=$B2=MAX($B2:$D2)` लिहिले, तर ओळीतली प्रत्येक सेल, देशाच्या नावाचीसुद्धा, स्वतःबद्दल न विचारता सुवर्णाबद्दलच विचारते. ज्या देशाचे सोने कशापेक्षाही कमी नाही त्याची पूर्ण ओळ रंगते: चीन, जॉर्जिया, पाकिस्तान. बरोबरीचा जॉर्जिया नको असेल तर सूत्र `=$B2>MAX($C2:$D2)` असे करायचे. मग सातांपैकी चीन आणि पाकिस्तान एवढेच उरतात.