मोर्शीची शेती आणि अमरावतीची भिंत : तुरुंग नेमका कशासाठी?

(वरूड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आज विषय तुरुंगाचा आहे, आणि सुरुवातीला लांब कुठं जायची गरज नाही. वरुडाहून अमरावतीकडे निघालो की वाटेत मोर्शी लागते. तिथं खुलं कारागृह आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल, पण आत कोण असतं हे विचारलं तर लोक गडबडतात. सर्वसाधारण समज असा की, जिथं उंच भिंत नाही तिथं किरकोळ गुन्ह्यातले लोक ठेवत असतील आणि भयंकर लोक अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात, भिंतीआड. प्रत्यक्षात बरंचसं उलटं आहे.

मोर्शीला शेतात राबणाऱ्यांमध्ये खुनासाठी जन्मठेप झालेले लोक असतात. त्यांनी आधी बंद कारागृहात काही वर्षं काढलेली असतात, वागणूक चांगली ठेवलेली असते, निवड समितीनं त्यांना पसंत केलेलं असतं. आणि अमरावतीच्या भिंतीआड, दाटीवाटीच्या बराकीत, एखादा असा पोरगा असू शकतो ज्याच्यावर विहिरीवरची मोटार चोरल्याचा नुसता आरोप आहे. गुन्हा अजून शाबीत व्हायचाय. त्याला मोर्शीला पाठवता येत नाही, कारण खुलं कारागृह शिक्षा झालेल्यांसाठी असतं. म्हणजे ज्यानं गुन्हा केल्याचं न्यायालयानं सांगितलं तो मोकळ्या हवेत, आणि ज्याच्याबद्दल न्यायालय अजून काहीच बोललेलं नाही तो कुलपात. हा उफराटा प्रकार का होतो, एवढंच आज आपण बघू. त्यातच शिक्षा, धाक, सुधारणा हे सगळं येतं.

पुस्तकात तुरुंगाची कामं चार सांगतात. केल्याची फेड करायला लावणं, इतरांना धाक बसवणं, धोकादायक माणसाला काही काळ समाजापासून दूर ठेवणं आणि त्याला सुधारून परत पाठवणं. ही चारही कामं एकाच इमारतीकडून एकाच वेळी अपेक्षित असतात, आणि अडचण तिथंच सुरू होते. धाक बसायचा तर तुरुंग वाईट असायला पाहिजे. सुधारणा व्हायची तर तो माणसासारखा असायला पाहिजे. दोन्ही एकदम कसं जमणार?

इंग्रजांनी याचा निकाल सरळ लावला होता. 1838 मध्ये इथल्या तुरुंगांबद्दल एका समितीचा अहवाल आला. त्या समितीत मेकॉलेही होता. कैद्यांना शिकवणं-सुधारणं हा खटाटोप नको, कष्टाचं आणि कंटाळवाणं काम द्या, असा त्या अहवालाचा सूर होता. 1894 चा तुरुंग कायदाही मुख्यतः शिस्तीचा कायदा आहे. सुधारणा हे तुरुंगाचं उद्दिष्ट आहे, असं भारतात अधिकृतपणे ठळक मांडलं ते 1919-20 च्या तुरुंग समितीनं.

आणि मग आपल्या महाराष्ट्रात एक धाडसी गोष्ट घडली. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ नावाची वसाहत काढली. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश गृहस्थाच्या पुढाकारानं हे झालं. खुनाचे कैदी तिथं बेड्यांशिवाय, शेती करत, बायकामुलांसह राहू लागले. व्ही. शांताराम यांचा 1957 चा ‘दो आंखें बारह हाथ’ तुम्ही पाहिला असेल. त्यामागची प्रेरणा हीच वसाहत. पैठण, मोर्शी ही याच वाटेवरची पुढची ठिकाणं.

आता कोणी म्हणेल, खुनी माणसाच्या हातात विळा-कोयता देऊन मोकळं ठेवायचं म्हणजे काय! पण विचार करा, तो पळत का नाही? पळणं शारीरिकदृष्ट्या अवघड नाही. कारण असं की, त्याच्याकडे गमावण्यासारखं बरंच काही असतं. खुल्या कारागृहात शिक्षेतली माफी बंद कारागृहापेक्षा जास्त मिळते, कामाची मजुरी मिळते, सुटकेचा दिवस दिसायला लागतो. पळाला आणि सापडला, की हे सगळं गेलं, वर नवा गुन्हा, आणि परत भिंतीआड. भिंतीचं काम इथं हिशेब करतो.

मात्र मोर्शीसारख्या ठिकाणाचं यश सांगताना मी एक सावधगिरी बाळगतो. तिथं निवडून घेतलेले लोक असतात. सराईत गुन्हेगार नियमानंच वगळले जातात. शिवाय धुऱ्याच्या भांडणात, दारूच्या भरात, भाऊबंदकीत हातून खून झालेला माणूस बहुतेक वेळा दुसरा खून करत नाही. त्याला कुठंही ठेवलं असतं तरी केला नसता. त्यामुळे “खुल्या तुरुंगानं माणूस सुधारला” हे पूर्ण खरं नाही. बंद तुरुंगानं तो जेवढा बिघडला असता तेवढा बिघडला नाही, असं म्हणणं जास्त प्रामाणिक होईल.

बंद तुरुंग माणसाला बिघडवतो म्हणजे काय करतो? अमेरिकेतल्या ग्रेशम साइक्स या समाजशास्त्रज्ञानं 1958 मध्ये एका कडक बंदोबस्ताच्या तुरुंगावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की, शिक्षा म्हणून फक्त स्वातंत्र्य काढून घेतलं जातं असं कागदावर दिसतं, पण सोबत न सांगता बरंच काही जातं. साध्या वस्तू जातात, जोडीदाराचा सहवास जातो, स्वतःचं काही ठरवण्याची मुभा जाते आणि सुरक्षितताही जाते, कारण शेजारी कोण झोपणार हे तुम्ही ठरवत नाही. या तुटीवर इलाज म्हणून कैदी आपला वेगळा समाज उभा करतात. त्यात साबणाचा, तंबाखूचा, संरक्षणाचा व्यवहार असतो, आणि नव्या पोराला कोणाच्या तरी आश्रयाला जावंच लागतं. तिथं तो जे शिकतो तो अभ्यासक्रम कुठल्याही सरकारी आदेशात नसतो.

चला, आता त्या मोटारवाल्या पोराकडे येऊ. हा मी समजावण्यासाठी कल्पिलेला माणूस आहे, पण कलमं खरी आहेत. भूमिहीन मजूर, वय बावीस, पहिलाच गुन्हा. विहिरीवरची बारा हजारांची मोटार चोरल्याचा आरोप. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं. चोरलेली वस्तू पाच हजारांच्या आतली असती, पहिल्यांदाच दोषी ठरला असता आणि माल किंवा किंमत परत केली असती, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा झाली असती. मोटार बारा हजारांची, म्हणून ती वाट बंद.

अटक झाली, न्यायालयीन कोठडी झाली. पुढं समजा जामीन मंजूरही झाला. पण जामीनदार हवा, आणि जामीनदाराची ऐपत दाखवायला सातबारा नाहीतर तहसीलचा दाखला हवा. याच्या नात्यात सातबारा कोणाकडंच नाही! ज्याच्याकडे संत्र्याचा बगीचा आहे तो मालक याच्यासाठी कशाला उभा राहील? म्हणजे जामिनाचा आदेश फाईलमध्ये आणि पोरगा बराकीत. साठ दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा त्याचा हक्कच होतो, पण तिथंही पुन्हा जामीनदाराचाच प्रश्न.

2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन असेच, खटला चालू असलेले होते. सुधारणेचे कार्यक्रम बहुतांशी शिक्षा झालेल्यांसाठी आखलेले. म्हणजे तुरुंगातल्या बहुसंख्य लोकांच्या बाबतीत फेड, धाक, सुधारणा यांतलं एकही कारण कायद्यानं लागूच होत नाही. ते फक्त थांबलेले असतात.

इथं सभागृहातून एक काका उभे राहिले. त्यांचं बोलणं जसंच्या तसं देतो : “सर, तुमचं सारं बरोबर हाय, पण माह्या दोन मोटारी गेल्या. ऐन उन्हाळ्यात बगीचा वाळला. मंग त्यायले सोडूनच द्याचं का?”

प्रश्न रास्त आहे. काका, मोटार गेली तेव्हा तुमची तक्रार झाली का? झाली. चोर सापडला का? (काकांनी मान हलवली.) बघा, धाकाचा सगळा प्रश्न इथं आहे. बेकारिया या इटालियन विचारवंतानं 1764 मध्येच लिहिलं, आणि अलीकडच्या संशोधनाचा कलही तोच आहे : शिक्षा किती मोठी आहे यापेक्षा ती होईलच याची खात्री माणसाला जास्त अडवते. मोटार चोरणारा तीन वर्षं की सात वर्षं हे मोजून निघत नाही. आपण सापडत नाही, एवढं तो मोजतो. शिक्षा दुप्पट केली तरी ज्याची मोटार गेली त्याला ती परत मिळत नाही, आणि न सापडणाऱ्या चोराला ती लागूही होत नाही. तुरुंगातली वर्षं वाढवणं सोपं असतं, तपास वाढवणं अवघड असतं, म्हणून भाषणात वर्षं वाढतात.

दुसरी गोष्ट, सापडतो कोण? आपल्या वऱ्हाडात चोरी झाली की आधी कोणत्या बेड्यावर गाडी जाते, हे मी सांगायची गरज नाही. 1871 च्या कायद्यानं काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण फासेपारधी समाजाच्या पाठीमागून तो शिक्का अजून गेला नाही. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमध्ये जातीनुसार काम वाटण्याच्या आणि विमुक्त जमातींना ‘सराईत’ समजण्याच्या तरतुदी शिल्लक होत्या. त्या सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2024 मध्ये, सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर, घटनाबाह्य ठरवल्या. आणि मघाशी मी काय म्हणालो? खुल्या कारागृहात सराईत चालत नाही. आता ‘सराईत’ कोणाला म्हटलं जातं हे जोडून बघा. मोर्शीचं दार कोणासाठी अरुंद होतं, ते लक्षात येईल.

शेवटी एका ताईंनी विचारलं की, त्या पोरासाठी आज काय करता येतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 आहे. आधी कधीच दोषी न ठरलेल्या आरोपीनं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, म्हणजे आपल्या उदाहरणात एक वर्ष, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. या कायद्यात बंधपत्र म्हणजे जामीनदाराशिवायचा लेखी हमीपत्र. सातबारा लागत नाही. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या शिक्षेची. न्यायालयाला अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर टाकली आहे, आणि जुलै 2024 च्या आधीच्या खटल्यांनाही हे लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी मान्य केलं.

पण त्यात एक खाच आहे. एकापेक्षा जास्त गुन्ह्यांचा तपास किंवा खटला चालू असेल तर ही सवलत नाही. मोटारीच्या प्रकरणात आणखी एक कलम जोडलं, किंवा तालुक्यातल्या आणखी दोन न सुटलेल्या चोऱ्या त्याच्या नावावर चढवल्या, की तो यातून बाहेर. म्हणून घरच्यांनी भेटीला जाताना दोन गोष्टी विचारून कागदावर लिहून आणाव्यात : अटकेची तारीख, आणि त्याच्या नावावर एकूण किती गुन्हे दाखवले आहेत. एवढा कागद घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलं, तर मोफत वकील मिळतो आणि त्याला पहिल्या दिवसापासून हिशेब मांडता येतो.