आठवड्याला दोन मिनिटे पुढे जाणारे घड्याळ

माझ्या परिचयातील एका हौशी गृहस्थांनी निवृत्तीनंतर स्वतःच्या हाताने एक विद्युत घड्याळ तयार केले. लाल अंकांचे, सागवानी पेटीत बसविलेले ते घड्याळ दिसावयास देखणे होते. मात्र दर रविवारी ते सुमारे दोन मिनिटे पुढे गेलेले आढळे. बाजारात साठ-सत्तर रुपयांना मिळणारे घड्याळ महिन्याला अर्धा मिनिटही चुकत नाही आणि आपण एवढ्या कष्टाने केलेले घड्याळ मात्र धावत सुटते, याचे त्यांना मोठे वैषम्य वाटे. त्यांनी या चुकीचा जो माग काढला, तो विज्ञानाच्या विद्यार्थ्याने जाणून घ्यावा असा आहे.

अशा घड्याळाचे हृदय म्हणजे क्वार्ट्झचा एक स्फटिक. तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या धातूच्या नळीत तो बंद असतो आणि त्याचा आकार नादकाट्यासारखा, म्हणजे दोन भुजांचा असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र भासला तरी सहेतुक आहे. २ या संख्येचा स्वतःशीच पंधरा वेळा गुणाकार केला की तो येतो. म्हणून ही कंपने पंधरा वेळा निम्मी करीत गेले की सेकंदाला नेमका एक ठोका हाती लागतो. आमच्या गृहस्थांनी ४०६० क्रमांकाची चिप वापरली होती. ती स्फटिकाला कंपित ठेवते आणि चौदा वेळा निम्मे करण्याचे कामही करते. पंधराव्या वेळेसाठी आणखी एक लहान चिप लागते.

प्रथम त्यांचा संशय या मोजणीवरच गेला. वीजपुरवठ्यातील खळबळीमुळे एखादा जादा ठोका मोजला जात असेल काय? परंतु तसे असते तर घड्याळाने कधी एकदम उडी घेतली असती, कधी दिवसभर ते बरोबर चालले असते. त्यांनी आठ दिवस रोज सकाळी मोबाइलच्या वेळेशी ताडून नोंद ठेवली. घड्याळ दररोज सोळा सेकंदांच्या आसपास पुढे जात होते, न चुकता. इतकी नियमित चूक मोजणीची नसते. ती मूळ कंपनांचीच असते.

मग स्फटिकच सदोष असेल काय? येथे त्यांनी एक साधा हिशेब केला. आठवड्यात ६,०४,८०० सेकंद असतात. त्यांतील ११४ सेकंदांची चूक म्हणजे दशलक्षात सुमारे १८८ भाग. साधारण स्फटिकावर निर्माता दशलक्षात २० भागांच्या आत अचूकतेची हमी देतो, म्हणजे आठवड्याला फार तर बारा सेकंद. दोन मिनिटांचा दोष स्फटिकाच्या माथी मारणे न्याय्य नव्हते.

मात्र ही हमी एका अटीवर असते. स्फटिकाला मंडलात ठराविक धारिता 'दिसली' पाहिजे; त्यांच्या स्फटिकासाठी ती १२.५ पिकोफॅरड होती. तिला भारधारिता म्हणतात. कंप पावणाऱ्या वस्तूला आपण एक स्प्रिंग जोडली आहे अशी कल्पना करावी. बाहेरची धारिता जितकी कमी, तितकी ही स्प्रिंग ताठ. आणि स्प्रिंग ताठ झाली की कंपने जलद होतात. मूळ आकृतीत स्फटिकाच्या दोन्ही टोकांपासून जमिनीकडे एकेक लहान कपॅसिटर दाखविलेला होता. 'त्यांच्याशिवायही चालते' असे पाहून आमच्या गृहस्थांनी ते दोन्ही गाळले होते. आता स्फटिकाला दिसत होती ती केवळ चिपच्या पायांची आणि तारांची मिळून चारएक पिकोफॅरड धारिता. या जातीच्या स्फटिकांचे नेहमीचे गुणधर्म घेऊन गणित केले, तर एवढ्या कमतरतेने वेग दशलक्षात जवळजवळ तेवढ्याच भागांनी वाढतो, जेवढी चूक दिसत होती.

हे कळण्याआधी एका मित्राने वारंवारता-मापक आणून स्फटिकाच्या पायाला लावला होता. चूक दिसली खरी, पण घड्याळाच्या चुकीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी. त्यामुळे दोघेही गोंधळात पडले. याचे कारण मापकाच्या टोकालाच दहा-बारा पिकोफॅरड धारिता असते. ते टोक लावताच स्फटिकाला हवा असलेला भार काही अंशी मिळाला आणि तो थोडा सावकाश झाला. मोजणाऱ्यानेच मोजली जाणारी गोष्ट बदलली होती. स्फटिकाला कधीही थेट हात लावू नये. चिपच्या निम्म्या केलेल्या कंपनांच्या पायावर मोजावे, तेथे मापकाचा भार स्फटिकापर्यंत पोहोचत नाही.

दुरुस्तीतही एक सापळा होता. १२.५ हवेत म्हणून त्यांनी प्रथम बारा-बारा पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर बसविले. घड्याळ तरीही आठवड्याला सोळा सेकंद पुढे जाऊ लागले. कारण हे दोन कपॅसिटर स्फटिकाच्या दृष्टीने एकसरीत असतात, त्यामुळे बारा आणि बारा मिळून सहाच होतात. तारांचे चार धरून झाले दहा. हवे होते साडेआठ अधिक चार, म्हणजे प्रत्येकी सतरा. सतराचा कपॅसिटर सहसा मिळत नाही. त्यांनी एका बाजूस अठराचा बसविला आणि दुसऱ्या बाजूस ट्रिमर, म्हणजे पेचकसाने धारिता कमीजास्त करता येणारा कपॅसिटर. आठवडाभर पाहावयाचे आणि किंचित फिरवावयाचे, असे करीत तीन आठवड्यांत चूक सेकंदाच्या आत आली.

त्यानंतर त्यांनी पेटी बंद करून घड्याळ भिंतीवर लावले, आणि ते आठवड्याला आठ सेकंद मागे पडू लागले.

आता तापमानाची पाळी होती. हा नादकाट्याच्या आकाराचा स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या सुमारास सर्वांत जलद असतो. त्याहून गरम वा थंड, कोणत्याही बाजूस गेला तरी मंदच होतो. शिवाय ही मंदता अंतराच्या वर्गाने वाढते. दहा अंशांचा फरक पडला तर आठवड्याला दोन सेकंद, वीस अंशांचा पडला तर आठाहून अधिक. ट्रिमर जुळविला होता उघड्या पेटीत, अठ्ठावीस अंशांच्या खोलीत. बंद पेटीत मात्र बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा नियामक अंकांच्या दिव्यांना वीज पुरविताना जवळजवळ एक वॅट उष्णता सोडीत होता, आणि तोही स्फटिकापासून दोन बोटांवर. आत पंचेचाळीस अंश भरले. मनगटी घड्याळाला ही अडचण नसते, कारण माणसाचे शरीर ते वर्षभर जवळजवळ एकाच तापमानात ठेवते.

बंद पेटीतच पुन्हा ट्रिमर फिरविण्याचा मोह त्यांना झाला होता, तो त्यांनी आवरला हे बरे झाले. उन्हाळ्यात तसे जुळविलेले घड्याळ हिवाळ्यात पेटी तीस अंशांवर येताच पुन्हा आठवड्याला आठ सेकंद पुढे गेले असते. त्यांनी नियामक पेटीच्या पाठीमागे बाहेर नेला, वर-खाली हवेसाठी भोके पाडली आणि स्फटिक खालच्या थंड कोपऱ्यात सरकविला. आता ते घड्याळ मे महिन्यात आठवड्याला दोन-तीन सेकंद मागे पडते, थंडीत जवळजवळ अचूक असते. याहून नेमकेपणा हवा असेल त्याने डीएस ३२३१ सारखी चिप घ्यावी. ती स्वतःच तापमान मोजून भारधारिता बदलते आणि शून्य ते चाळीस अंशांत तिची चूक आठवड्याला सव्वा सेकंदापलीकडे जात नाही. आमच्या गृहस्थांना तो सल्ला मी दिला होता. त्यांनी तो मानला नाही. मेमधील दोन-तीन सेकंद ते दर रविवारी स्वतःच्या हाताने पुढे करतात.