पार्टीतल्या पेयात गुंगीचे औषध : "जास्त झाली" म्हणून झोपवून देऊ नका

काही महिन्यांपूर्वी रात्री अडीचच्या सुमारास एका चोवीस वर्षांच्या मुलीला तिची मैत्रीण आमच्या तातडीच्या विभागात घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) ऑफिसमधल्या कुणाच्या तरी निरोपाची पार्टी होती. मुलीने दीड ग्लास बिअर घेतली होती. फोनवर बोलायला ती बाहेर गेली, दहा मिनिटांनी परत आली आणि ग्लासात उरलेली बिअर तिने संपवली. अर्ध्या तासाने तिची जीभ जड झाली, तोल जाऊ लागला आणि ती सोफ्यावर कोसळली. बाकीच्यांनी हसून "हिला चढली" म्हटले आणि आतल्या खोलीत नेऊन झोपवले. मैत्रिणीला मात्र ते पटेना. ती म्हणाली, "डॉक्टर, ही तीन ग्लास बिअर पिऊनसुद्धा नीट चालत घरी येते. दीड ग्लासात असं कसं होईल?"

तिने जो हिशेब केला, तोच सगळ्यात भरवशाचा इशारा आहे.

ओळखायचे कसे?

गुंगीची लक्षणे आणि दारूची लक्षणे जवळजवळ सारखीच असतात. बोलणे अडखळते, झोप येते, उलटी होते, माणूस गोंधळतो. म्हणून एकेका लक्षणावर विसंबू नका. किती प्यायली आणि किती वेळात काय झाले, याचा मेळ बसतो का ते पाहा. दारू सहसा हळूहळू चढते. पंधरा-वीस मिनिटांपूर्वी व्यवस्थित बोलणारी व्यक्ती थोडेसेच पिऊन अचानक ढेपाळली, किंवा नुसते सरबत पिऊन झोकांड्या देऊ लागली, तर संशय घ्या. दुसऱ्या दिवशी मधल्या दोन-चार तासांचे काहीच आठवत नसेल, तरीही घ्या.

रंग, वास किंवा चवीवरून कळेल असे समजू नका. फ्लुनिट्राझेपाम नावाच्या झोपेच्या औषधाच्या काही गोळ्यांमध्ये कंपनीने मुद्दाम निळा रंग घातला, तो पेयात दिसावा म्हणून. पण अल्प्राझोलाम, लोराझेपाम यांसारख्या झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांना असा पहारेकरी नसतो. आणखी एक गोष्ट पालकांना नवी वाटते. बऱ्याचदा मिसळलेली वस्तू कुठलेही गूढ औषध नसून दारूच असते. ज्यूसमध्ये व्होडका घातली जाते, किंवा एका पेगच्या जागी तीन ओतले जातात. सांगून न दिलेली दारू हीसुद्धा भेसळच. आणि हे फक्त मुलींच्या बाबतीत घडते असेही नाही. मुलांना गुंगी देऊन पाकीट आणि फोन पळवले जातात, पण लाजेपोटी ते सांगत नाहीत.

पहिला तास : श्वास

खरा धोका झोपेचा नसून श्वासाचा आहे. दारू आणि झोपेची औषधे दोन्ही मेंदूला मंदावतात. एकत्र आली की श्वास संथ होतो, घशातली जीभ सैल पडते आणि उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. आमची रुग्ण खोलीत उताणी घोरत पडली होती. तिचे ते घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हती, श्वासमार्ग अर्धवट अडला होता. मैत्रिणीने तिला कुशीवर वळवले आणि लगेच तिला उलटी झाली. ती उताणीच राहिली असती तर काय झाले असते, हे मी त्या मैत्रिणीला तेव्हा सांगितले नाही.

तुम्हीही तेच करा. व्यक्तीला कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवून पुढे ठेवा, हनुवटी किंचित वर आणि तोंड जमिनीकडे कललेले असू द्या. हाक मारून, खांदा हलवून ती जागी होत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास घेत असेल, दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा झटके येत असतील, तर १०८ किंवा ११२ ला फोन करा. तिला एक क्षणही एकटी सोडू नका. "मी सोडतो घरी" म्हणणाऱ्या अनोळखी किंवा अर्धवट ओळखीच्या माणसाच्या हाती तर मुळीच देऊ नका. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, घशात बोट घालून उलटी यांतले काहीही करू नका. अर्धवट शुद्धीत तोंडावाटे दिलेली कुठलीही गोष्ट श्वासनलिकेत जाऊ शकते.

"पोट धुऊन काढा ना," असे नातेवाईक आम्हाला हमखास सांगतात. पातळ पेयातले औषध तोवर बहुतेक रक्तात गेलेले असते आणि गुंगीतल्या रुग्णाला नळी घालण्यात धोकाच जास्त. आम्ही आधी रक्तातली साखर पाहतो, कारण साखर उतरली तरी माणूस असाच दिसतो. मग ऑक्सिजन, सलाईन, डोक्याला मार लागला आहे का याची तपासणी आणि श्वासावर लक्ष. बहुतेक रुग्ण काही तासांत जागे होतात.

पहिली लघवी टाकून देऊ नका

इथेच सगळ्यात जास्त पुरावा हातचा जातो. जीएचबीसारखे औषध लघवीतून साधारण बारा तासांत नाहीसे होते. झोपेच्या गोळ्यांचे अंश काही दिवस सापडू शकतात. म्हणून रुग्णालयात पोहोचताच सांगा की पेयात काहीतरी मिसळल्याचा संशय आहे आणि लघवी व रक्ताचा नमुना राखून ठेवा. घरीच लघवी लागली तर स्वच्छ, झाकणाच्या बाटलीत धरा आणि वेळ लिहा. उरलेले पेय ग्लासासह जपून ठेवा.

रुग्णालयातली झटपट चाचणी "निगेटिव्ह" आली म्हणून संशय खोटा ठरत नाही. त्या पट्टीला जीएचबी कळत नाही, केटामाइनही सहसा कळत नाही आणि लोराझेपाम, क्लोनाझेपाम अनेकदा निसटतात. आमच्या रुग्णाची पट्टीही निगेटिव्हच होती. पहाटे पाच वाजता घेतलेला नमुना पोलिसांमार्फत न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला, तेव्हा त्यात अल्प्राझोलाम सापडले. गुन्ह्याच्या हेतूने असे काही पाजणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खाली गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा. अंघोळ झाली असली तरीही या. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि जितकी लवकर तितकी चांगली. गर्भनिरोधक गोळीचेही तसेच. अशा रुग्णावर सरकारी वा खासगी, कुठल्याही रुग्णालयाने ताबडतोब आणि विनामूल्य उपचार करायचे असतात. "आधी पोलिसांत जाऊन या" असे तुम्हाला कुणी सांगू शकत नाही.

पार्टीला जाताना

बाटली तुमच्यासमोर उघडलेली असावी. ग्लास नजरेआड गेला तर तो सोडून नवा घ्या. आमच्या रुग्णाची ती दहा मिनिटे आठवा. मोठ्या भांड्यातले मिश्र पेय टाळा. पण ग्लासावर चोवीस तास पहारा शक्य नसतो, आणि मिसळणारा पुष्कळदा ओळखीचाच असतो. म्हणून मी घरच्या मुलांनाही सांगतो की एकत्र जा, एकत्र निघा आणि एकाने त्या रात्री पिऊ नका. पेय तपासायच्या पट्ट्या मिळतात. त्या मोजकीच औषधे ओळखतात आणि जास्तीची दारू तर नाहीच.

घरच्यांसाठी

शुद्धीवर आल्यावर मुलीचा पहिला प्रश्न होता, "आईला काय सांगितलंत?" या औषधांमुळे मेंदूत त्या वेळची आठवण साठतच नाही, त्यामुळे खोदून विचारल्याने ती परत येत नाही. "त्यानेच दिलं असेल ना?" असे सुचवत राहिलात, तर ऐकलेले आणि आठवलेले यांची सरमिसळ होते आणि पुढे जबाबात अडचण येते. तिला जे आपणहून आठवेल, ते तिच्या शब्दांत, वेळेसकट लिहून ठेवा. पुढचे २४ तास तिला गाडी चालवू देऊ नका. पुन्हा खूप झोप येऊ लागली, डोके दुखू लागले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर परत घेऊन या.