बिडाचा तवा तीन भाषांत

ऑनलाइन विक्रीत एकाच वस्तूची माहिती मराठी, हिंदी आणि गुजरातीत द्यायची असेल, तर वस्तूचे, धातूचे आणि सुट्या भागांचे नाव त्या त्या भाषेत प्रत्येक पानावर तेच यावे लागते. त्यासाठी दोन साधने असतात. शब्दसूचीत कोणत्या संज्ञेसाठी कोणता शब्द वापरायचा हे ठरवून लिहिलेले असते. भाषांतर-स्मृतीत आधी भाषांतरित झालेली वाक्ये मूळ वाक्यासह जोडीने साठवलेली असतात.

सुरुवात शब्दसूचीपासून करावी. आधीच्या यादीतून वारंवार येणारी आणि गोंधळ करणारी नावे निवडली, तर पहिल्या खेपेला काही डझन नोंदी पुरतात. तव्याचेच उदाहरण घेता येईल. बिडाचा तवा ओतीव असतो, जड असतो आणि पडला तर तडकू शकतो. लोखंडी तवा पत्र्याचा असतो, हलका असतो आणि पडला तर फार तर वाकतो. हिंदीत दोन्हींना ‘लोहे का तवा’ म्हटले की ग्राहक हलका तवा समजून जड तवा मागवतो आणि माल परत येतो. म्हणून नुसता प्रतिशब्द लिहून भागत नाही. वस्तू नेमकी कोणती, शब्दाचे लिंग कोणते आणि कोणता शब्द वापरायचा नाही, हेही नोंदीत लागते. OmegaT या मोफत प्रोग्रॅममध्ये शब्दसूची ही साधी मजकूर-फाइल असते. तिच्या प्रत्येक ओळीत मूळ शब्द, प्रतिशब्द आणि टीप असे तीन रकाने टॅबने वेगळे केलेले असतात:

```
बिडाचा तवा	कास्ट आयरन तवा	पुं.; ओतीव; "लोहे का तवा" नको
लोखंडी तवा	लोहे का तवा	पुं.; पत्र्याचा
```

गुजरातीसाठी अशीच वेगळी फाइल करावी. कंपनीचे नाव आणि मॉडेल क्रमांक भाषांतर न करण्याच्या नोंदी म्हणून घालावेत.

स्मृती मात्र आपोआप भरत जाते. ‘हा तवा गॅस व इंडक्शन दोन्हीवर चालतो’ या वाक्याचे हिंदी एकदा झाले की पुढे तेच वाक्य आल्यावर तयार भाषांतर समोर येते. वाक्य थोडे वेगळे असेल तर प्रोग्रॅम साम्याची टक्केवारी दाखवतो. आता कढईसाठी ‘ही कढई गॅस व इंडक्शन दोन्हीवर चालते’ असे लिहिले, तर सातपैकी तीन शब्द बदलतात आणि शब्दांच्या हिशेबाने साम्य 57 टक्क्यांवर येते. किमान मर्यादा 70 टक्के ठेवलेली असेल, तर हे जुने भाषांतर दिसतही नाही. मराठीत लिंगानुसार सर्वनाम आणि क्रियापद बदलते, त्याचा हा परिणाम आहे. यावरचा उपाय मूळ मजकुरातच करावा लागतो. ‘गॅस व इंडक्शन दोन्हीवर वापरण्यायोग्य’ असे लिहिले की तवा, कढई, पातेले या सर्वांना तीच ओळ लागू पडते आणि जुळणी पूर्ण 100 टक्के होते.

पण 100 टक्के जुळणीही चुकू शकते. मराठीत ‘खोल’ हे विशेषण लिंगानुसार बदलत नाही. पातेल्याच्या माहितीत एका ओळीत नुसते ‘खोल’ लिहिले आणि त्याचे हिंदी ‘गहरा’ साठवले गेले, तर पुढे कढईलाही ‘गहरा’च लागते, तिथे खरे तर ‘गहरी’ हवे. म्हणून एका शब्दाच्या ओळी टाळून ‘खोल कढई’ असे पूर्ण लिहावे. मागचीपुढची ओळ ताडून जुळणी करण्याची सोय असेल, तर तीही वापरावी.

संज्ञा बदलायची ठरली की दोन्ही साधनांत बदल करावा लागतो. शब्दसूची सुधारली तरी स्मृतीतली जुनी वाक्ये जशीच्या तशी राहतात आणि जुना शब्द पुन्हा पुन्हा सुचवत राहतात. आधी शब्दसूची, मग स्मृतीत जुना शब्द शोधून दुरुस्ती आणि शेवटी प्रसिद्ध झालेली पाने, असा क्रम ठेवावा. स्मृती .tmx फाइल म्हणून बाहेर काढता येते. त्यामुळे उद्या प्रोग्रॅम बदलला तरी वाक्यांच्या जोड्या हाती राहतात.

तपासणीत नुसता शब्दशोध अपुरा पडतो. ‘तवा’ शोधल्यास ‘तव्यावर’ सापडत नाही आणि हिंदीत ‘तवे पर’ निसटतो. म्हणून न बदलणारा भाग शोधावा. मराठीत ‘बिडा’ आणि हिंदीत ‘कास्ट आयरन’ शोधून कोणत्या उत्पादनांच्या पानांवर ते सापडतात, याच्या दोन याद्या कराव्यात. एखादे उत्पादन एकाच यादीत आले, तर त्याच्या पानावर ठरलेली संज्ञा सुटलेली असते किंवा चुकीच्या जागी पडलेली असते.