यंत्राचे लेखन आणि आपला निवाडा

यंत्राने लिहिलेला मजकूर आपण ओळखू, असे आपणांस वाटते. २०२३ साली कॉर्नेल व स्टॅनफर्ड विद्यापीठांच्या संशोधकांनी सहा प्रयोगांत सुमारे ४,६०० जणांना इंग्रजी स्वपरिचय वाचावयास दिले. काही माणसांचे, काही यंत्राचे. जेमतेम निम्मे निर्णय बरोबर ठरले. नाणे उडवूनही तेवढेच साधते. ‘मी’, ‘माझे’ हे शब्द व कुटुंबाचा उल्लेख परीक्षकांना माणसाची खूण वाटली. यंत्र तीच खूण सहज उमटवते.

तरी आत्मविश्वास टिकतो, कारण पकडलेले स्मरते, निसटलेले कळतच नाही. म्हणून पोखर्णीसारख्या गावातील निबंधस्पर्धेत केवळ शैलीवरून कोणा मुलास दोषी ठरवू नये. त्याचा कच्चा मसुदा पाहावा, त्यास लेखाविषयी विचारावे.